कारभार मोजावा कसा?

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



आजचा माझा विषय ऐकून काही जणींनी नाक मुरडले, हे मला ठाऊक आहे. लोणची-पापडांचे प्रमाण सांगितले असते तर वह्या निघाल्या असत्या. पण प्रमाणाचीच गोष्ट मी सांगणार आहे, फक्त ती लोणच्याची नसून कारभाराची आहे. नगरपालिकेचा, तहसील कचेरीचा, ग्रामपंचायतीचा कारभार चांगला की वाईट हे आपण रोज नळावर आणि ओट्यावर बोलतो. एक म्हणते वाईट, दुसरी म्हणते पूर्वीपेक्षा बरा. दोघींचेही खरे असू शकते. मग ठरवायचे कसे? ते मोजता येते का? येत असेल तर कोणत्या मापाने, आणि ते माप खोटे ठरते कुठे? एवढेच मला आज सांगायचे आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या आशियाचे काम पाहणाऱ्या शाखेने चांगल्या कारभाराची आठ लक्षणे सांगितली आहेत. त्यांतली चार आज घेऊ. पहिले सहभाग, म्हणजे निर्णयात आपले म्हणणे असणे. दुसरे कायद्याचे राज्य, म्हणजे नियम सर्वांना सारखा असणे. तिसरे पारदर्शकता, म्हणजे काय, कसे, केव्हा आणि किती पैशांत झाले हे लपून न राहणे. चौथे म्हणजे लोकांची दाद लागणे, वेळेत आणि सरळपणे. इंग्रजी पुस्तकांतून याला तत्परता म्हणतात, मला ‘दाद’ हा आपला शब्द बरा वाटतो.

आता ही लक्षणे दिसायला डोळ्यांना काही नाहीत. ताप जसा हाताला लागतो, तसा सहभाग हाताला लागत नाही. म्हणून त्याच्या खुणा शोधाव्या लागतात. या खुणा तीन थरांत असतात, आणि हे तीन थर नीट लक्षात ठेवले तर पुढचे सगळे सोपे आहे. पहिला थर कागदाचा: नियम आहे का? दुसरा वहिवाटीचा: नियमाप्रमाणे घडते का? तिसरा अनुभवाचा: घडल्यामुळे माणसाच्या पदरात काय पडले? सरकारी अहवालांत बहुधा पहिला थर असतो, कारण तो मोजायला सोपा. आपले दुखणे मात्र तिसऱ्या थरात असते.

याचे एक उदाहरण गावाकडचेच घ्या. आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभा आहे, आणि तिच्या आधी बायकांची वेगळी सभा भरवावी असेही आहे. म्हणजे कागद पक्का. वहिवाट पाहायची तर हजेरीची वही मागवावी लागते. ग्रामसभेला मतदारांपैकी शेकडा पंधरा किंवा शंभर जण, यांतली जी संख्या लहान असेल तेवढे जण हवेत. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि पुढे त्याच विषयांवर भरलेल्या तहकूब सभेला मात्र गणसंख्येची अट नसते. म्हणून ‘सभा झाली’ एवढ्या नोंदीवरून काहीच कळत नाही. ती मूळ सभा होती की तहकुबीनंतरची, हे आधी विचारावे. सह्या सभेत झाल्या की नंतर वही घरोघर फिरली, हेही विचारावे. सगळ्या सह्या एकाच शाईच्या आणि एकाच वळणाच्या दिसल्या तर मी वेगळे सांगायला नको.

आणि एवढे करूनही तिसरा थर उरतोच. तामिळनाडूतल्या ग्रामसभांमध्ये कोण किती बोलले याची शब्दन् शब्द टिपणे घेऊन काही अभ्यासकांनी मोजणी केली, ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. बायका सभेला येत होत्या, पण पुरुषांपेक्षा कमी बोलत होत्या, विषय त्यांच्या बोलण्याने ठरत नव्हते, आणि त्यांच्या प्रश्नाला अधिकाऱ्यांकडून नेमके उत्तरही कमी वेळा मिळत होते. जिथे अध्यक्षपदी बाई होती तिथे बायकांना उत्तर मिळण्याचे प्रमाण बरे होते. आता यात पाहा, डोकी मोजली असती तर सहभाग उत्तम म्हटला असता. शब्द मोजले, उत्तरे मोजली, तेव्हा खरे कळले. सहभाग मोजायचा तर तीन प्रश्न विचारावेत: किती जणी आल्या, किती जणी बोलल्या, आणि त्यांच्या बोलण्यामुळे ठरावातला एखादा तरी शब्द बदलला का?

आता मुख्य गोष्टीकडे येते. लोकांच्या अनुभवावरून कारभार मोजण्याचे काम आपल्या देशात ज्या शहरात पहिल्यांदा गाजले ते बंगळूर. तिथे सॅम्युएल पॉल नावाचे अर्थशास्त्रज्ञ राहत. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेचे ते पूर्वी संचालक होते. शहरातल्या पाण्याविषयी, विजेविषयी, पालिकेविषयी सगळे जण कुरकुरतात, पण ती कुरकुर कोणी मोजत नाही, हे त्यांना खटकले. त्यांनी ठरवले की शाळा जसे मुलांचे प्रगतिपुस्तक देते, तसे नागरिकांनी कचेऱ्यांचे प्रगतिपुस्तक करावे. १९९४ साली त्याचा पहिला निकाल बाहेर पडला. हजाराहून अधिक घरे निवडली. त्यांत मध्यमवर्गीय वस्ती वेगळी आणि झोपडपट्टी वेगळी ठेवली. कचेरीशी ज्यांचा खरोखर संबंध आला होता त्यांनाच तिच्याविषयी विचारले. ऐकीव मताला जागा ठेवली नाही.

निकाल असा आला की, सगळ्या कचेऱ्या मिळून सरासरीने शंभरात अवघे नऊ लोक समाधानी होते. शहराच्या विकास प्राधिकरणाच्या बाबतीत तर शंभरात एकच! आणि लाच? सर्वसाधारण घरांपैकी सातांत एकाने कामासाठी वरकड पैसे दिले होते, झोपडपट्टीत तिघांत एकाने. भगिनींनो, या शेवटच्या दोन आकड्यांवर क्षणभर थांबा. शहर तेच, कचेऱ्या त्याच, कायदाही तोच. पण ज्याच्याजवळ पैसे कमी, त्याच्याकडूनच ते अधिक वेळा काढले गेले. कायद्याचे राज्य ही मोठी पुस्तकी गोष्ट वाटते, पण ती मोजण्याचे याहून सरळ माप मला तरी सापडले नाही. एकाच खिडकीवर दोन तऱ्हेच्या माणसांना काय अनुभव येतो ते वेगवेगळे मोजा आणि दोहोंतले अंतर पाहा. पॉल यांनी दोन्ही वस्त्या एकत्र कालवल्या असत्या, तर मधलाच एखादा आकडा आला असता आणि हे अंतर कोणाला दिसलेच नसते.

पुढे काय झाले तेही सांगते, कारण नुसत्या मोजण्याने पाणी येत नाही. वर्तमानपत्रांनी हे प्रगतिपुस्तक छापले. काही कचेऱ्यांनी दुर्लक्ष केले. ज्या विकास प्राधिकरणाला सर्वांत कमी गुण होते, त्याने मात्र आतल्या कारभारात लक्ष घातले. १९९९ साली पुन्हा मोजणी झाली. समाधानी लोक सरासरीने शंभरात चौतीस झाले होते. पण लाच देणाऱ्या सर्वसाधारण घरांचे प्रमाण शंभरात चौदावरून बावीसवर गेले होते! म्हणजे एक खूण सुधारली, दुसरी बिघडली. एकच आकडा काढणाऱ्याने इथे काय सांगितले असते? त्याच वर्षी मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा यांनी शहराच्या सुधारणेसाठी नंदन नीलेकणी यांच्या नेतृत्वाखाली एक कृतिदल नेमले. दर सहा महिन्यांनी कचेऱ्यांच्या प्रमुखांनी जाहीर सभेत उभे राहून काय केले आणि पुढे काय करणार ते सांगायचे, अशी रीत पडली. २००० साली घरपट्टी मालकाने स्वतःच ठरलेल्या कोष्टकावरून आकारून भरायची पद्धत पालिकेने आणली, त्यामुळे घर पाहायला येणाऱ्या माणसाशी ‘बोलणी’ करण्याचे कारण कमी झाले. २००३ च्या मोजणीत समाधानी लोक शंभरात एकोणपन्नास झाले, आणि लाचेचे प्रमाणही उतरले.

हे सगळे प्रगतिपुस्तकामुळेच झाले असे मात्र मी म्हणणार नाही. मुख्यमंत्र्यांची इच्छा होती, शहरात पैसा येत होता, माणसे बदलली होती. मापाने एवढेच केले की, ‘सगळे ठीक आहे’ असे म्हणण्याची सोय राहिली नाही. आणि तीनही वेळा तेच प्रश्न विचारल्यामुळे कालचा आकडा आजच्याशेजारी ठेवता आला.

आता आपल्याकडे वळते. गेल्या वर्षी दाखल्यांना लागणाऱ्या वेळेबद्दल आपण एका कचेरीत सह्यांचा अर्ज दिला होता, आणि ‘बहुतेक अर्ज मुदतीत निकाली निघतात’ असे एका ओळीचे उत्तर आपल्याला आले. कचेरीचे नाव मी घेत नाही, त्याची गरजही नाही. त्या उत्तरावर आपण रागावलो, पण खोडून काढायला आपल्याजवळ काही नव्हते. सह्या शंभर होत्या, पण सही म्हणजे पुरावा नव्हे. बाजूने सह्या करणाऱ्या शंभर बायका मिळतात, तशा विरुद्ध बाजूच्याही मिळतात. आणि ते उत्तर खोटेही नसेल! ते कसे, ते ऐका.

महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा झाला. कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा, कोणत्या अधिकाऱ्याने द्यायचा, आणि नाही दिला तर अपील कोणाकडे करायचे, हे त्या कायद्याखाली जाहीर करायचे असते आणि कचेरीच्या फलकावर लावायचे असते. अर्ज घेतला की क्रमांकासह पोच द्यायची असते. कारणावाचून उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कागदाचा थर इथेही चांगला आहे.

पण दिवस मोजायला सुरुवात कुठून होते? पोच मिळाल्याच्या तारखेपासून. तुम्ही सोमवारी गेलात, ‘झेरॉक्स नाही’ म्हणून परत पाठवले. बुधवारी गेलात, ‘साहेब नाहीत’. पुढच्या सोमवारी ‘सर्व्हर बंद’. शुक्रवारी अर्ज घेतला, पोच दिली, आणि तिथून पाचव्या दिवशी दाखला हातात आला. कचेरीच्या वहीत पाच दिवस, तुमच्या पायांत सोळा. दोन्ही खरे! आणखी एक गोम आहे. ‘निकाली’ या शब्दात दाखला दिलेले अर्ज येतात, तसे नाकारलेलेही येतात. त्रुटी दाखवून परत केलेला अर्जही वहीत निकालीच दिसतो. तो तुम्ही पुन्हा दिलात की नवा क्रमांक, नवी तारीख, आणि पुन्हा मुदतीत निकाली. एका कामाचे दोन अर्ज झाले आणि दोन्ही ‘वेळेत’. म्हणून दाद मोजायची तर वहीच्या दिवसांबरोबर हेलपाटे मोजावे लागतात. पहिल्यांदा पायरी चढल्यापासून काम हातात पडेपर्यंत किती दिवस, किती खेपा. ही मोजणी कचेरी करू शकत नाही, कारण परत पाठवलेल्या माणसाची नोंद तिच्याजवळ नसते. ती आपणच करू शकतो.

कशी करायची ते आता पायरीपायरीने सांगते.

आपण म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. म्हण खरी आहे, पण त्यात एक अट लपलेली आहे. भात वरखाली सारखा शिजलेला पाहिजे, नाहीतर शीत खालचेही घेऊन पाहिले पाहिजे. वरचे शीत मऊ आणि तळाशी करपलेले, असे पातेले आपण सर्वांनी पाहिले आहे. घरे निवडताना हीच अट पाळायची. समजा, आपल्या प्रभागात बाराशे घरे आहेत आणि आपल्याला साठ घरी जायचे आहे. बाराशेला साठाने भागले की वीस. सर्व गल्ल्यांची घरे ओळीने लिहायची, एकपासून वीसपर्यंतच्या चिठ्ठ्या टाकून एक उचलायची. सातवी चिठ्ठी आली तर सातवे घर, मग सत्ताविसावे, मग सत्तेचाळिसावे, असे शेवटपर्यंत. कुलूप असले तर शेजारच्या घरी जायचे नाही, दोनदा परत यायचे. दुपारी कुलूप असते ते कामाला जाणाऱ्या बाईचे घर. तिला वगळले तर घरी असणाऱ्यांचेच मत येईल, आणि कचेरीच्या वेळेत रजा काढून जावे लागते ते तिलाच. आपल्या ओळखीच्या घरी जाण्याचा मोह तर मुळीच नको. ओळखीची माणसे आपल्याला बरे वाटेल तेच सांगतात.

दुसरे, कोणाला विचारायचे? ज्याने खेपा घातल्या त्याला. दाखल्याला सून गेली असेल तर सासूबाईंना विचारून उपयोग नाही, आणि सासूबाईंसमोर सुनेला विचारूनही फारसा नाही. मात्र ‘गेल्या सहा महिन्यांत’ अशी हद्द घालायची. सहा वर्षांपूर्वीचा अपमान माणसाला कालच्यासारखा आठवतो आणि तारखा मात्र विसरतात.

तिसरे, काय विचारायचे? आधी घडलेले, मग वाटलेले. कोणते काम होते? पहिल्यांदा कधी गेलात? अर्ज कधी घेतला? पोच दिली का, असेल तर दाखवाल का? काम कधी झाले? एकूण खेपा किती? फलकावर मुदत लिहिलेली दिसली का? एकूण खर्च किती आला, त्यात पावतीची फी किती? फी आणि खर्च यांतले अंतर पाहिले की ‘लाच दिलीत का’ असे विचारून कोणाला खाली पाहायला लावावे लागत नाही. त्यात रिक्षाभाडे, झेरॉक्स आणि फॉर्म भरून देणाऱ्याचे पैसेही असतील, ते वेगळे काढायचे. हा एक प्रश्न कोऱ्या चिठ्ठीवर, नाव न लिहिता, डब्यात टाकायचा. आणि अगदी शेवटी: एकंदरीत समाधान झाले का? हा प्रश्न आधी विचारला, तर पुढची सगळी उत्तरे त्याच रंगात येतात.

समाधानाच्या या प्रश्नावर फार भिस्त ठेवू नये असे मला वाटते. ज्या बाईला आठ खेपांची सवय आहे ती पाच खेपांत काम झाल्यावर समाधानी असते. जिची मुलगी परदेशात राहून आली आहे ती दोन खेपांनाही नावे ठेवते. समाधान हे कारभाराइतकेच आपल्या अपेक्षेचेही माप आहे. कारभार सुधारू लागला की अपेक्षा वाढते, आणि कधी कधी सुधारणा होत असूनही समाधान घटते. म्हणून खेपा आणि दिवस हे मुख्य, समाधान त्यांच्या जोडीला.

चौथे, हिशेब. समजा, साठ घरांपैकी चोवीस घरांचे त्या कचेरीत काम निघाले होते. पोचीच्या तारखेपासून धरले तर अठरा जणांचे काम मुदतीत झाले, म्हणजे शंभरात पंचाहत्तर. पहिल्या खेपेपासून धरले तर नऊच जणांचे. मधले नऊ जण कुठे गेले? ते पोच मिळण्याच्या आधीच्या हेलपाट्यांत गेले. आपल्याला बोट ठेवायला हीच जागा सापडली. आता आपली तक्रार ‘कचेरी वाईट आहे’ अशी राहत नाही. ‘पहिल्याच खेपेला अर्ज घ्या, कागद कमी असेल तर काय कमी ते पोचीवर लिहून द्या’ अशी होते. या मागणीला एका ओळीत उत्तर देणे अवघड आहे.

सरासरी काढताना एक जपा. समजा, सात जणींना लागलेले दिवस असे आहेत: चार, सहा, सात, नऊ, बारा, पंधरा आणि दीडशे. बेरीज दोनशे तीन, सरासरी एकोणतीस दिवस. पण एकोणतीसच्या जवळपास एकही नाही! सहा जणींचे काम पंधरा दिवसांच्या आत झाले आहे. म्हणून आकडे चढत्या ओळीने मांडून अगदी मधला घ्यावा, इथे तो नऊ येतो. तोच नेहमीचा अनुभव सांगतो. दीडशेवालीला मात्र टाकून द्यायचे नाही. तिचे काम का अडले याची चौकशी स्वतंत्र करायची. ती विधवा आहे का, तिच्या नावात चूक आहे का, ती भाड्याच्या खोलीत राहते म्हणून पत्त्याचा पुरावा नाही का? नियम सर्वांना सारखा आहे की नाही, ते बहुधा अशा एकीच्याच गोष्टीत सापडते.

आणखी एक मर्यादा मोकळेपणाने सांगितली पाहिजे. चोवीस माणसे म्हणजे थोडी शिते. नशिबाने चार-पाच समाधानी घरे जास्त निवडली गेली असतील, तर आपला आकडा शंभरात वीसने इकडचा तिकडे होऊ शकतो. म्हणून ‘शंभरात साडेसदतीस’ असला बारीक आकडा छातीठोकपणे सांगायचा नाही. ‘चोवीसांपैकी नऊ’ असे जसेच्या तसे सांगायचे. पुढच्या वर्षी चोवीसांपैकी अकरा आले तर सुधारणा झाली असे म्हणायची घाई नको. अठरा आले तर म्हणता येईल.

पारदर्शकतेचे माप तर याहूनही सोपे आहे, त्याला घरोघर जायला नको. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा. दहा रुपयांच्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर द्यायचे असते. आपण एक साधा प्रश्न विचारायचा: गेल्या तीन महिन्यांत या दाखल्याचे अर्ज किती आले, किती मंजूर झाले, किती नाकारले, किती परत केले? चारही आकडे वेगवेगळे मागायचे, म्हणजे ‘निकाली’ या शब्दाची पोतडी उघडते. मग तीन गोष्टी लिहून ठेवायच्या: उत्तर कितव्या दिवशी आले, विचारले त्याचेच आले का, आणि हीच माहिती त्यांनी आपणहून फलकावर लावली होती का. याच कायद्याप्रमाणे बरीचशी माहिती न मागता जाहीर करायची असते. अर्ज करून मिळाली तर ती पारदर्शकता खरी, पण उशिराची. भिंतीवर वाचायला मिळाली तर तिला शंभर गुण.

तुम्ही वर्तमानपत्रांत वाचता की, चांगल्या कारभारात अमुक देशाचा क्रमांक इतकावा. जागतिक बँक १९९६ सालापासून दोनशेहून अधिक देशांना असे सहा गुण देत आली आहे, कायद्याचे राज्य हा त्यांतला एक. त्यासाठी इतरांनी केलेल्या पाहण्या आणि जाणकारांची, व्यापाऱ्यांची मते एकत्र करतात. अशा मापाचा उपयोग देशादेशांची तुलना करायला होतो. पण त्यातून आपल्या गल्लीचे काही समजत नाही, आणि ‘मत’ व ‘घडले’ यांतला फरक तिथेही उरतोच. शिवाय चार वेगळ्या खुणा एका आकड्यात बसवायच्या म्हणजे तिखट, मीठ, गूळ, चिंच एकत्र तोलून आमटीचे वजन सांगण्यासारखे आहे. वजन बरोबर येईल, चव कळणार नाही. १९९९ चे बंगळूर आठवा. म्हणून आपल्या तक्त्यात चार रकाने चारच ठेवायचे, शेवटी बेरीज करायची नाही.

आता कामाचे. कार्यकारिणीने ही साठ घरांची मोजणी मंडळातर्फे करायला मान्यता दिली आहे. जोडीजोडीने जायचे, एकीने विचारायचे, दुसरीने लिहायचे. जिच्या घरचे कोणी त्या कचेरीत नोकरीला आहे, किंवा जिच्या घरचे कोणी निवडणुकीला उभे राहणार आहे, तिने कृपा करून विचारायला जाऊ नये. तक्ते जुळवायला तिची मदत जरूर घेऊ. निकाल तयार झाला की तो आधी त्या कचेरीच्या प्रमुखांना दाखवायचा, त्यांचे म्हणणे पंधरा दिवसांत मागायचे, आणि मग त्यांच्या उत्तरासह मंडळाच्या फलकावर लावायचा. त्यांच्या वहीत आणि आपल्या तक्त्यात फरक निघाला तर दोन्ही शेजारी ठेवायचे. खिडकीमागच्या माणसाचीही बाजू असेल: टेबलावर एक माणूस आणि समोर दीडशे अर्ज, असे असेल तर तेही लिहायचे, कारण मग मागणी माणूस वाढवून देण्याची होते, आणि ती दुसऱ्या दाराशी करायची असते. हीच मोजणी पुढच्या वर्धापनदिनाच्या आधी, हेच प्रश्न विचारून पुन्हा करायची. प्रश्न बदलले तर तुलना गेली.

साठ घरांना तीस जणी लागतील, म्हणजे जोडीला चार घरे. प्रश्नांचा कागद चिटणीसबाईंकडे आहे. नावे आजच द्यावीत, म्हणजे रविवारी चिठ्ठी उचलून घरे वाटता येतील.